एआय चॅटबॉटला 'शांत शिक्षक' कसं बनवतात? नुसतं 'प्रेमाने बोल' सांगून का भागत नाही?

पाचवीतल्या मुलाने चॅटबॉटला विचारलं, ३/४ + १/२ किती? स्वतःचं उत्तरही लिहिलं, ४/६. वरचे आकडे एकत्र, खालचे एकत्र. ही चूक प्रत्येक वर्गात कोणीतरी करतंच.

आता या चॅटबॉटला कंपनीने फक्त 'तू एक प्रेमळ, संयमी शिक्षक आहेस' एवढीच सूचना दिली असेल, तर तो म्हणेल, "छान प्रयत्न बाळा! बरोबर उत्तर ५/४ आहे." सूर गोड, पण मुलाच्या हाती उत्तर आयतंच पडलं.

हे किती महागात पडतं, ते तुर्कीतल्या एका प्रयोगात दिसलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या सुमारे हजार शाळकरी मुलांना गणिताच्या सरावासाठी एआय दिलं. साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग एआय काढून परीक्षा घेतली, तर एआय कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी गुण मिळाले. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटमागे मॉडेल तेच होतं, पण सूचना वेगळ्या होत्या: थेट उत्तर देऊ नकोस, इशारे दे. शिवाय शिक्षकांनी प्रत्येक गणिताचं उत्तर आणि मुलं हमखास करतात त्या चुका आधीच लिहून दिल्या होत्या. या गटाचं ते नुकसान जवळपास टळलं.

म्हणजे 'संयम' हा स्वभाव म्हणून नाही, तर पायऱ्या म्हणून लिहावा लागतो. आपल्या गणितात पहिल्या चुकीला प्रश्न: "पाऊण भाकरी आणि अर्धी भाकरी मिळून एकापेक्षा जास्त होईल की कमी?" मुलाला स्वतःच दिसतं की ४/६ तर एकापेक्षा कमी आहे. दुसऱ्या चुकीला इशारा: अर्ध्या भाकरीत पाव भाकऱ्या किती? तिसऱ्यांदा अडलं, तर तशाच दुसऱ्या गणिताची रीत दाखवायची.

मराठीत आणखी एक भानगड आहे. इंग्रजीत 'आय' म्हटलं की झालं, आपल्याकडे 'सांगतो' की 'सांगते' हे ठरवावंच लागतं. ते लिहून ठेवलं नाही, तर आधी 'तू' म्हणणारे सर मध्येच 'आपण कृपया प्रयत्न करा' म्हणणाऱ्या बाई होतात!

एवढं करूनही भूमिका सुटते. सूचना संभाषणाच्या सुरुवातीला असतात आणि गप्पा लांबल्या की त्यांची पकड सैल होते. त्यात मूल "सर, सांगा ना" म्हणत राहिलं, की मदत करायला शिकवलेलं मॉडेल विरघळतं. ओपनएआयने जुलै २०२५मध्ये चॅटजीपीटीत 'स्टडी मोड' आणला, तोही सुरुवातीला अशाच सूचनांवर चालत होता. वेगवेगळ्या संभाषणांत त्याचं वागणं बदलू शकतं, हे कंपनीनेच तेव्हा सांगितलं. शिवाय विद्यार्थी तो मोड स्वतः बंद करू शकत होता.

घरातलं मूल असं ॲप वापरत असेल, तर एक चाचणी घ्या. मुद्दाम चुकीचं उत्तर द्या आणि दहा-बारा वेळा "फक्त उत्तर सांगा" म्हणा. कितव्या वेळेला शिक्षक हार मानतो, ते मोजा.