सजद्यातून उठताना

आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका बाळंतपणाची रजा संपवून परत आली, तेव्हा मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ बसली आणि बराच वेळ नुसती डबा उघडून बसून राहिली. शेवटी खालच्या आवाजात म्हणाली, "आपा, नमाजला उभं राहायची भीती वाटते." तिचं दुसरं बाळंतपण. बाळ साडेतीन किलोचं, कळा बराच वेळ चाललेल्या, टाके पडलेले. चाळीस दिवस नमाज नव्हतीच, त्यामुळे काही कळलं नाही. पाक होऊन पहिल्याच दिवशी जुहरला उभी राहिली, आणि सजद्यातून उठताना लघवीचे थेंब सुटले. पुन्हा वुजू केला, पुन्हा तेच. मग शिंकताना, खोकताना, मोठ्याला कडेवर उचलताना. घरात सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर व्हतंच की, मला पण व्हतं." सात महिने ती चौपदरी कापड लावून वावरत होती.

तिची गोष्ट तिच्या परवानगीने लिहिते आहे, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत अनेकींनी विचारला आहे. बाळंतपणानंतर जवळपास तिघींपैकी एकीला हे कमी-जास्त होतं. सासूबाईंचं "व्हतंच की" हे अर्धं खरं आहे. होतं खरं, पण ते तसंच ठेवून द्यायचं नसतं.

शरीरात काय बिघडतं ते बाळंतिणीच्या बाजेवरून समजून घ्या. बाजेच्या चौकटीत नवार विणलेली असते, तशी ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक विण ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. लघवीची नळी याच विणीतून खाली येते, आणि विण घट्ट असेल तर खोकताना नळी दाबून बंद राहते. गरोदरपणात नऊ महिने तिच्यावर वजन पडतं, आणि बाळ बाहेर येताना ती कितीतरी पट ताणली जाते. नवार सैल पडलेल्या बाजेवर कुणी धपकन बसलं की ती खाली झोळते. तसं पोटात एकदम दाब वाढला की नळी बंद राहत नाही आणि थेंब सुटतात. सिझेरियन झालेल्यांना हे कमी होतं, पण होतच नाही असं नाही, कारण वजन तर त्यांनीही नऊ महिने वाहिलेलं असतं.

बाजेची नवार आपण पायथ्याची दोरी ओढून घट्ट करतो. या स्नायूंनाही तसं घट्ट करता येतं, तेही औषधाशिवाय. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम लिहून मांडला, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात. नाव बहुतेकींनी ऐकलेलं असतं. आमच्या शिक्षिकेनेही ऐकलं होतं. मोबाईलवर पाहून तिने पंधरा दिवस तो केलाही होता, पण फरक पडला नाही म्हणून सोडून दिला. खरी गोम इथेच आहे. ती व्यायाम उलटा करत होती.

मी तिला म्हटलं, महिला फिजिओथेरपिस्टकडे जा. आपल्या जिल्ह्यात लोणीला प्रवरा संस्थेचं आणि विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरही तुम्हाला जवळच्या महिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवू शकतात. तिथे तिला गुडघे मोडून उताणं झोपवलं आणि नेहमीसारखं आवळायला सांगितलं. तिने श्वास कोंडला, पोट ताठ केलं, ढुंगण आवळलं आणि प्रत्यक्षात जोर खाली दिला, शौचाला बसल्यावर देतो तसा. म्हणजे पंधरा दिवस ती सैल नवारेवर आणखी वजन टाकत होती.

बरोबर कसं करायचं ते मी तिच्याकडून ऐकलं तसंच सांगते. आधी लघवी करून यावी. उताणं झोपून गुडघे मोडावेत आणि एक हात पोटावर ठेवावा. चारचौघांत बसलेलो असताना वायू सरतोय असं वाटलं तर आपण मागची वाट जशी आवळून धरतो, तशी आवळायची. मग तसंच पुढे येत लघवी अडवल्यासारखं आवळायचं आणि सगळं आत आणि वर, छातीच्या दिशेने ओढायचं. श्वास चालू ठेवायचा. हाताखालचं पोट मऊ राहिलं पाहिजे, मांड्या आणि ढुंगण ढिले राहिले पाहिजेत. बरोबर होतंय का हे एकांतात हातात आरसा धरून पाहता येतं: आवळल्यावर दोन्ही वाटांमधली जागा आत ओढली गेली पाहिजे. ती बाहेर फुगली तर जोर उलटा जातोय. मोठ्याने एक ते पाच मोजत करून पाहा. मोजता आलं नाही तर श्वास कोंडलेला आहे.

आणखी एक चूक फार ऐकू येते. लघवी करताना मध्येच धार थांबवणे हाच व्यायाम, असं बऱ्याच जणी समजतात. स्नायू कोणता ते ओळखायला एखाद्या वेळी धार अडवून पाहिली तर ठीक, पण रोज तसं केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

तपासणीत दिसलं की तिला जेमतेम तीन सेकंद आवळून धरता येतं, तेही पाच-सहा वेळाच, मग स्नायू थकतो. म्हणून तिची सुरुवात तिथूनच झाली. तीन सेकंद आवळायचं, सहा सेकंद पूर्ण सैल सोडायचं, असं सहा वेळा. मग पाच वेळा झटकन आवळून लगेच सोडायचं. हे दिवसातून तीनदा. सैल सोडणं हा व्यायामाचाच भाग आहे, ते घाईत चुकवू नका. दर आठवड्याला जमेल तसा एक-एक सेकंद वाढवत दहा सेकंदांपर्यंत जायचं, आणि एका वेळी आठ ते दहा वेळा आवळता आलं पाहिजे. सुरुवातीला झोपून, महिन्याने बसून, मग उभ्याने. वेळ विसरायला नको म्हणून तिने बाळाला पाजण्याच्या तीन वेळांशी ते बांधून टाकलं. पुढे तिने फजर, असर आणि इशाची नमाज झाल्यावर मुसल्ल्यावरच बसून ते करायला सुरुवात केली.

सोबत एक युक्ती तिला शिकवली. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की क्षणभर आधी आवळायचं, मग खोकायचं. टँकर आल्यावर हंडा उचलायचा असेल, मूल उचलायचं असेल, तर आधी आवळून, श्वास सोडत उचलायचं. हे जमायला तिला दोन आठवडे लागले, आणि पहिला फरक तिला यानेच जाणवला.

चौथ्या आठवड्यात ती निराश झाली होती. हा टप्पा बहुतेकींना येतो आणि बऱ्याच जणी इथेच सोडतात. स्नायूला ताकद यायला वेळ लागतो, निदान तीन महिने नेमाने केल्याशिवाय फायदा नाही असं म्हणू नये. सातव्या आठवड्यात वर्गात तिला खोकल्याची उबळ आली आणि कपडे कोरडे राहिले. तीन महिन्यांनी मूत्राशय भरलेलं असताना जोराची शिंक आली तरच एखादा थेंब, एवढंच उरलं होतं.

मधल्या काळात तिला तीन दिवस वहीत लिहायला लावलं होतं: काय प्यायलं, किती वाजता लघवी केली, कधी सुटली. त्यातून कळलं की दिवसाला सहा कप चहा होतो आणि शाळेत अडचण नको म्हणून ती पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी तोडलं की लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुरते, वर बद्धकोष्ठ होतं, आणि शौचाला जोर दिला की हेच स्नायू पुन्हा ताणतात. चहा दोन कपांवर आला, पाणी वाढलं. (आमच्या शाळेतलं शौचालय बाईमाणसाने पाणी प्यावं असं नाही, हा वेगळाच विषय आहे.)

नमाजेबद्दल तिने मौलानासाहेबांना आपल्या शोहरमार्फत विचारलं. थेंब सुटला तर वुजू तुटतो, कपडा-जागा पाक करून पुन्हा वुजू करायचा, एवढं साधं उत्तर आलं. एका नमाजेच्या सबंध वेळेत फर्ज पढण्याइतकीही उसंत न मिळता गळती चालू राहत असेल, तर त्या बाईला माजूर धरून हनफी मसलकात वेगळी सवलत आहे. ती आपल्या बाबतीत लागू होते का हे आलिमांनाच विचारावं. नमाज सोडून बसण्याची गरज नाही.

आता, हा व्यायाम कुणाला पुरा पडत नाही? काहींना खोकताना नाही, तर घाई लागल्यावर बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत सुटते. तो प्रकार मूत्राशय वेळेआधीच आकसण्याचा असतो. त्यात व्यायामाबरोबर दोन लघव्यांमधला वेळ हळूहळू, पाच-दहा मिनिटांनी, वाढवायला शिकवतात, आणि गरज पडली तर गोळ्या देतात. अंगावर पाजत असाल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल तर आधी लघवीची तपासणी. अंगातून गोळ्यासारखं काही खाली आल्यासारखं वाटत असेल, शौचावरही ताबा राहत नसेल, किंवा बाळंतपणानंतर लघवी होतच नसेल, तर थांबू नका. आणि अडलेल्या बाळंतपणानंतर दिवसरात्र, झोपेतही सतत गळत असेल, तर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडलेलं असू शकतं. ते व्यायामाने बुजत नाही, त्याला तज्ज्ञच लागतात.

तीन-चार महिने बरोबर व्यायाम करूनही खोकताना सुटतंच असेल, तर पुढचे उपाय निघतात. आत बसवायची एक मऊ रिंग असते, ती नळीला आधार देते आणि काढताही येते. त्यानंतर ऑपरेशन: स्वतःच्याच पोटाच्या पडद्याची पट्टी काढून नळीखाली झोळीसारखी बसवणे, योनीची भिंत टाके घालून वर उचलणे, किंवा कृत्रिम जाळीची पट्टी. जाळीच्या पट्टीमुळे काही बायकांना कायमच्या वेदना झाल्या, म्हणून इंग्लंडमध्ये 2018 पासून तिच्या वापरावर रोख आली. म्हणून डॉक्टर कोणती पट्टी घालणार, नंतर काय त्रास होऊ शकतो, हे विचारायला लाजू नका. पुढे मूल हवं असेल तर डॉक्टर सहसा थांबायला सांगतात, कारण पुढच्या बाळंतपणात केलेलं काम पुन्हा सैल पडू शकतं.

एक सल्ला मात्र मानू नका: "पिशवी काढून टाका, सगळंच थांबेल." आपल्या शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं समोर आलं आणि 2019 मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. लघवीची नळी ज्या विणीवर टेकते ती गर्भाशयाच्या खाली आहे. गर्भाशय काढल्याने ती विण घट्ट होत नाही. नुसत्या लघवी सुटण्यासाठी कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

आमची शिक्षिका आता दिवसातून एकदाच व्यायाम करते, कारण पूर्ण सोडला तर स्नायू पुन्हा सैल पडतात असं तिला सांगितलं आहे. तिच्या धाकट्या नणंदेला पाचवा महिना चालू आहे. तिला तिने आत्तापासूनच आवळायला शिकवलं आहे, आणि सासूबाईही आता दोघींसोबत मुसल्ल्यावर बसून मोजत असतात.