मॅकबुकवर टॅली : प्रोग्राम चालतो, मग प्रिंटर का नाही?

गल्फमधून सुट्टीवर येणारा भाऊ घरी मॅकबुक घेऊन येतो आणि घरात आनंदीआनंद होतो. मग आठवड्याभरात प्रश्न उभा राहतो, "यात टॅली कुठं आहे?" कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, शाहूपुरीतल्या दुकानांचे हिशेब घरी बसून लिहिणाऱ्या मुली आता कमी नाहीत. त्यांचं सगळं काम विंडोजवर चालतं आणि टॅली प्राइम विंडोजसाठीच बनलेलं आहे. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरायचं असतं. जुना कॉम्प्युटर विकून टाकल्यावर मॅकमध्ये विंडोज बसत नाही असं कळलं, तर दुकानदार थांबणार नाहीत.

तर आधी जुना कॉम्प्युटर विकू नका. मग पुढचं वाचा.

२०२० च्या अखेरीपासून ॲपलच्या मॅकबुकमध्ये एम-१, एम-२ अशा नावांचे प्रोसेसर येऊ लागले. हे एआरएम जातीचे. आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरमधला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, त्याला x64 म्हणतात. दोघांची भाषाच वेगळी. जुन्या इंटेल मॅकमध्ये विंडोज थेट बसवता यायचं, नव्यात ती सोय नाही. नव्या मॅकमध्ये विंडोज पाहुणा म्हणून राहतं, म्हणजे मॅक चालू असतानाच एका खिडकीत आख्खा दुसरा कॉम्प्युटर चालतो. त्यासाठी यूटीएम नावाचा प्रोग्राम त्याच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतो. ॲप स्टोअरवर तोच पैसे देऊन मिळतो.

विंडोजची फाइल निवडतानाच बहुतेकांची गाडी अडते. ओळखीच्या दुकानदाराकडच्या पेनड्राइव्हवरचं विंडोज ११ इथे चालत नाही, कारण ते x64 साठीचं असतं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर 'Arm64' असं लिहिलेली वेगळी आयएसओ फाइल मिळते. फाइलच्या नावातही `Arm64` असतं. `x64` दिसलं तर ती फाइल बाजूला ठेवा.

यूटीएममध्ये नवीन मशीन बनवताना पहिलाच प्रश्न येतो : `Virtualize` की `Emulate`? इथे `Virtualize` निवडायचं. `Emulate` मध्ये x64 विंडोजही सुरू होतं खरं, पण प्रत्येक सूचनेचं भाषांतर करत करत. ते इतकं रखडतं की एका व्हाउचरसाठी चहा करून यावा लागेल. `Virtualize` मध्ये चुकीची आयएसओ दिली तर काळ्या पडद्यावर `Shell>` एवढंच दिसतं. तेच अक्षर आणखी एका कारणानं दिसतं : सुरुवातीला `Press any key to boot from CD or DVD` असं क्षणभर येतं, तेव्हा कळ दाबायची राहिली तर. म्हणून `Shell>` दिसलं की आधी मशीन परत सुरू करून लगेच कळ दाबा. तरीही तेच आलं तर फाइलचं नाव तपासा.

एम-२ मॅकबुक एअर, ८ जीबी मेमरी, २५६ जीबी जागा, असं एक मशीन धरू. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते. तितकीच द्या, कारण मॅकलाही उरलेल्या ४ जीबीत जगायचं आहे. मशीन बनवताना `Install drivers and SPICE tools` या ओळीपुढे खूण ठेवायला विसरू नका. तिचं महत्त्व लगेच कळतं. विंडोज बसतं, भाषा विचारतं, आणि मग 'इंटरनेट जोडा' म्हणून अडून बसतं. घरातलं वायफाय उत्तम असतं, पण यूटीएमनं दिलेलं नेटवर्क कार्ड विंडोजला ओळखता येत नाही. इथे Shift+F10 दाबा (मॅकवर सोबत fn कळही लागू शकते). काळी खिडकी उघडेल, त्यात :

```
D:
dir
```

यादीत `utm-guest-tools` नं सुरू होणारी, `.exe` वर संपणारी फाइल दिसली की तिचं पूर्ण नाव टाइप करून एंटर दाबा. D वर नसेल तर E पाहा. त्यातून नेटवर्क आणि पडद्याचे ड्रायव्हर बसतात आणि अडलेलं पान पुढे सरकतं. विंडोजचा परवाना मात्र वेगळा घ्यावा लागतो, मॅकबरोबर तो येत नाही.

आता टॅली. ते x64 साठी बनलेलं, मग एआरएमच्या विंडोजवर कसं चालतं? या विंडोजमध्ये एक दुभाषा बसलेला असतो. तो x64 प्रोग्रामचं बोलणं प्रोसेसरला समजावतो. टास्क मॅनेजरच्या `Details` पानावर `Architecture` हा रकाना उघडला तर कोणता प्रोग्राम दुभाष्यामार्फत चालतो आहे (`x64`) आणि कोणता थेट (`ARM64`), ते दिसतं. हिशेबाच्या कामात हा फरक फारसा जाणवत नाही.

परवाना हलवण्याआधी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडा. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना नोंदी करता येतात, पण तपासणीला तेवढं पुरतं. दुकानाच्या डेटाचा बॅकअप आणून उघडा, एक बिल बनवा आणि छापून पाहा. सगळं जमलं की मगच जुन्या कॉम्प्युटरवर लायसन्स सरेंडर करा आणि इकडे चालू करा.

छापायला गेल्यावर दुसरा अडथळा येतो. घरातला जुना लेझर प्रिंटर जोडला, त्याची सीडी किंवा डाउनलोड केलेला ड्रायव्हर चालवला, पण प्रिंटर काही उठत नाही. टॅली चालतं तर प्रिंटरचा ड्रायव्हर का नाही? कारण दुभाष्याची हद्द प्रोग्रामपुरतीच आहे. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या घरात काम करतो आणि तिथे दुभाष्याला प्रवेश नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच बनलेला असावा लागतो. हे बसवून न पाहताही कळतं. ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये `.inf` वर संपणारी फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि `NTarm64` शोधा. फक्त `NTamd64` सापडलं तर तो ड्रायव्हर इथे बसणार नाही. एएमडी आणि एआरएम ही नावं दिसायला जवळची आहेत, म्हणून अक्षरं नीट वाचा.

असा ड्रायव्हर नसेल तर मार्ग सोपा आहे. टॅलीतून `Microsoft Print to PDF` निवडून पीडीएफ बनवा, ती मॅकशी वाटून घेतलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मॅकवरून छापा. प्रिंटर मॅकला चालतो का, हे मात्र आधी पाहा. रोज पन्नास बिलं छापणाऱ्या दुकानाला हे परवडणार नाही, त्यांनी जुना कॉम्प्युटरच ठेवावा. महिन्याला चार अहवाल छापणाऱ्या घरगुती कामाला मात्र पुरतं.

डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचाही हाच नियम. एकट्या मालकाच्या दुकानाचं रिटर्न मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं भरता येतं, आणि तेही मॅकच्या ब्राउझरमधूनच, विंडोजची गरज नाही. कंपनी किंवा एलएलपीला मात्र डिजिटल सही लागते. असं एखादं ग्राहक तुमच्याकडे असेल तर लॅपटॉप बदलण्याआधी टोकन देणाऱ्याला विचारा : "एआरएम विंडोजसाठी किंवा मॅकसाठी ड्रायव्हर आहे का?" नुसतं "विंडोज ११ ला चालतं" एवढं उत्तर घेऊन परत येऊ नका.