टेकडीच सरकली आहे

परवा माझगावला ताईकडे गेलो, तर भाचीच्या उंचीचा तक्ता टेबलावर पडलेला. तिचा ठिपका −२ च्या रेषेच्या जरासा वर. "रेषेच्या वर आहे ना, मग झालं तर!" ताई म्हणाली. मला काही ते पटेना.

ही रेषा आली कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली चांगल्या परिस्थितीत वाढलेल्या मुलांवरून (त्यात दिल्लीचीही होती) हे प्रमाण ठरवलं. त्यांच्या उंचीचा आलेख घंटेसारखा. मध्यापासून दोन्हीकडे एक प्रमाण विचलन रंगवलं की आत ६८ टक्के मुलं येतात, दोन रंगवली की ९५.४. उरलेल्यांपैकी निम्मी, म्हणजे २.३ टक्के, −२ च्या खाली.

आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची किती मुलं त्या रेषेखाली? ३५.२ टक्के! नुसती शेपटी एवढी फुगत नाही. पसारा तेवढाच धरला, तर मध्य −१.६ वर यावा लागतो. सर्वेक्षणात मापाच्या चुकांमुळेही पसारा वाढतो. तो दीडपट धरला तरी मध्य −१.४ वर. म्हणजे सगळी टेकडीच डावीकडे सरकली आहे.

म्हणून रेषेखालची डोकी मोजून थांबणं मला चूक वाटतं. रेषेवरच्यांपैकीही बरीच मुलं खुंटलेलीच आहेत.

भाचीचं काय? एकट्या ठिपक्यावरून काहीच कळत नाही. ताईला म्हटलं, तीन महिन्यांनी परत माप, ठिपका कुठे सरकतो ते बघू.