‘रान’ म्हणून फोटोत जे दिसतंय, ते खरंच रान आहे का? उत्तर हाडात आहे

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मटणवाल्याचा फोटो येतो. स्टीलच्या परातीत लालभडक तुकडे, खाली एक ओळ : ‘रान करी कट, उद्या सकाळी ९ ला घरपोच’. ग्रुपमध्ये लगेच ‘एक किलो’, ‘दीड किलो’ सुरू होतं. मटण एवढं महाग असताना आपण निव्वळ एका फोटोवर भरवसा ठेवतो. त्या फोटोत रान किती आणि इतर भाग किती, हे मात्र कोणी तपासत नाही. खरं तर ते तपासता येतं. त्यासाठी खाटकाच्या हाताखाली दहा वर्षं काढायची गरज नाही, फोटो झूम करून तीन गोष्टी पाहायच्या : हाडाचा आकार, मांसाचे धागे आणि पांढऱ्या रेघा.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू, ती म्हणजे रंग. आपण सगळे आधी रंगच पाहतो आणि फोटोत तोच सर्वांत कमी भरवशाचा असतो. दुकानातला लालसर दिवा, मोबाइलचा कॅमेरा आणि वर मारलेला फिल्टर, यातलं काहीही रंग बदलून टाकतं. आकार मात्र दिव्याने बदलत नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या तासाला ‘सेक्शन व्ह्यू’ काढायला शिकवतात. म्हणजे वस्तू मधोमध कापली तर आत काय दिसेल, ते कागदावर दाखवायचं. सुऱ्याने कापलेला मटणाचा प्रत्येक तुकडा हा तसाच एक सेक्शन व्ह्यू असतो.

पुढचा पाय आणि मागचा पाय

रान म्हणजे मागचा पाय, मांडीचा भाग. त्याच्या नावावर सर्वांत जास्त खपवला जातो तो पुढचा पाय, म्हणजे खांदा किंवा दस्ती. दोन्ही पायच, पण त्यांची बांधणी मुळातच वेगळी आहे.

बोकडाला गळपट्टीचं हाड नसतं. त्यामुळे पुढचा पाय छातीच्या पिंजऱ्याला कुठल्याही हाडाने जोडलेला नसतो, तो फक्त स्नायूंनी टांगलेला असतो. म्हणूनच खाटीक दस्ती सुटी करताना हाड तोडत नाही, नुसता सुरा फिरवतो आणि पाय हातात येतो. हा सांभाळ करायला तिथे बरेच छोटे-मोठे स्नायू लागतात. कुणी पाय पुढे ओढतो, कुणी मागे, कुणी आत. मागचा पाय मात्र कमरेच्या हाडातल्या वाटीत मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याने नीट बसवलेला असतो. त्याचं मुख्य काम शरीर पुढे ढकलणं. त्यासाठी थोडे पण मोठे आणि जाड स्नायू पुरतात.

फोटोत हा फरक पांढऱ्या रेघांमधून दिसतो. बोकडाच्या मटणात स्नायूच्या आत चरबी फारशी नसते, ती असते दोन स्नायूंच्या मध्ये. म्हणजे तुकड्याच्या कापलेल्या बाजूवर दिसणारी पांढरी रेघ बहुतेक वेळा दोन स्नायूंमधली हद्द असते. रेघा मोजल्या की स्नायू मोजले. एका तुकड्यात एकच मोठा, सलग, गुळगुळीत लाल भाग आणि कडेला एखादी रेघ असेल, तर तो रानचा असण्याची शक्यता जास्त. त्याच आकाराच्या तुकड्यात चार-पाच छोटे भाग, प्रत्येकाच्या भोवती पांढरी किनार आणि धाग्यांची दिशा प्रत्येकात वेगळी असेल, तर तो खांदा समजायचा.

धागे ओळखायला लाकडाची फळी आठवा. लांबीत चिरली तर रेषा दिसतात, आडवी कापली तर टोकांचे ठिपके. मांसाचंही तसंच. रानच्या आडव्या कापात सगळीकडे साधारण सारखेच ठिपके दिसतात, कारण तिथले बहुतेक धागे पायाच्या लांबीतच धावतात. खांद्याच्या कापात एका कोपऱ्यात ठिपके, शेजारीच तिरक्या रेषा, असं मिश्रण दिसतं.

गोल हाडाचा चकवा

अनेक जण सांगतात, ‘गोल हाड दिसलं की रान’. माझ्या मते सर्वांत जास्त फसवणारा सल्ला हाच आहे. मांडीचं हाड आडवं कापलं की गोल कडं आणि मध्ये मगज दिसतो, हे खरं. पण पुढच्या पायातलं दंडाचं हाड कापलं तरी अगदी तेच दिसतं. शिवाय दंडाच्या मागच्या बाजूला एक बऱ्यापैकी मोठा स्नायू असतोच. त्यामुळे नुसता तो एक तुकडा पाहून अनुभवी माणूसही गोंधळू शकतो.

यावर उपाय म्हणजे गोल हाडाचे शेजारी पाहणं. कुठलंच हाड परातीत एकटं येत नाही. पुढचा पाय तोडला असेल तर दंडाच्या हाडाबरोबर खांद्याचं पातं येणारच. ते सपाट आणि पातळ असतं, त्याच्या एका बाजूला उभा कणा असतो. आडवं कापलं की इंग्रजी T सारखा आकार दिसतो. हा आकार बोकडाच्या दुसऱ्या कुठल्याही पायात नाही. कोपराच्या आसपासच्या तुकड्यात एकाला एक चिकटलेली दोन हाडं दिसतात, एक जाड आणि एक बारीक. रानबरोबर येते ती एकच जाड नळी, गुडघ्याची छोटी वाटी आणि कमरेच्या हाडाचा तुकडा. कमरेचं हाडही काही ठिकाणी सपाट असतं, म्हणून घाईत त्याला खांदा समजू नका. त्याला तो उभा कणा नसतो आणि एका टोकाला ते जाड होऊन खोलगट वाटी बनतं.

मणक्याजवळ मात्र T चा आणखी एक चकवा आहे. पाठीचा मणका मधोमध फाडून चाप काढली की तिथेही T सारखं हाड दिसू शकतं. पण त्याच्या शेजारी लंबगोल, एकसंध स्नायू असतो, डोळ्यासारखा. खांद्याच्या पात्याभोवती असा डोळा नसतो.

एक फोटो, अकरा तुकडे

अशाच एका फोटोचं उदाहरण घेऊ. खाली लिहिलं होतं ‘रान’. वरच्या थरात अकरा तुकडे स्पष्ट दिसत होते. पहिल्यात गोल हाड, भोवती तीन मोठे लाल भाग, रेघा जेमतेम दोन. ते रान, यात वाद नाही. दुसऱ्यातही गोल हाड, पण भोवती सहा-सात छोटे भाग आणि त्यांच्यामध्ये जाड चरबी. तो संशयित. तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्यात पातळ सपाट हाडावर तो उभा कणा, म्हणजे खांद्याचं पातं. झालं, दुसऱ्या तुकड्याचाही निकाल लागला, तो दंडाचा.

पुढच्या तीन तुकड्यांत मांस आणि चरबी यांचे एकाआड एक थर होते, मध्ये चपट्या बरगड्या आणि एकाच्या टोकाला पांढरी कुर्ची. हा सीना. बेकरीतल्या खारीसारखे थर दिसले की दुसरं काही शोधायची गरज नसते. आठव्यात मध्ये भोक असलेला ओबडधोबड मणका, भोवती दोऱ्यांसारखे स्नायू आणि एक पिवळसर, रबरासारखी पट्टी. ती गर्दन. उरलेले तीन बिनहाडाचे, त्यांच्याबद्दल खात्रीने काही सांगता येणार नाही.

म्हणजे अकरापैकी नक्की रान एक, नक्की रान नसलेले सात. ग्रुपवर हे विचारल्यावर दुकानदाराचं उत्तर आलं, ‘‘दादा, करी कट म्हणजे मिक्सच असतं.’’ बरोबर आहे, पण मग वर ‘रान’ कशाला लिहायचं?

खांदा वाईट नाही, नाव चुकीचं आहे

इथे एक गैरसमज टाळायला हवा. खांदा, सीना, गर्दन हे हलके भाग नाहीत. रश्श्यासाठी मला विचाराल तर रानपेक्षा खांदाच बरा. स्नायूंमधले ते पांढरे पडदे मंद शिजताना विरघळतात आणि रस्सा दाट, चिकटसर होतो. रानमध्ये असे पडदे कमी, म्हणून जास्त शिजलं की ते कोरडं, धागेदार होतं. सुक्क्यासाठी किंवा अख्खं भाजायला रान उत्तम.

खरी अडचण मिसळीत आहे. एकाच कुकरमध्ये रान आणि गर्दन गेली की गर्दन मऊ होईपर्यंत रान चोथा होतं, आणि रान बरोबर शिजलं तेव्हा कुकर उघडला तर गर्दन चावत नाही. ‘मटण या वेळी बरोबर नव्हतं’ अशी जी तक्रार रविवारी दुपारी ऐकू येते, तिचं कारण अनेकदा बोकडाचं वय नसतं, हे मिश्रण असतं. गर्दनीतली ती पिवळी पट्टी तर कितीही शिट्ट्या दिल्या तरी मऊ होत नाही. ती कच्ची असतानाच काढून टाकावी.

तरीही वयाचा थोडा अंदाज फोटोवरून येतो. बरगड्या बारीक, गोलसर आणि लालसर असतील तर बोकड कोवळा. रुंद, चपट्या आणि पांढऱ्याफटक असतील तर जून. बोकड की मेंढी, हे मात्र सुट्या तुकड्यांच्या फोटोवरून ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मेंढीच्या अंगावर चरबीचा थर साधारणपणे जाड असतो, पण तो सुऱ्याने काढला की खूण गेली.

विकणाऱ्याने काय करावं, हे अवघड नाही. परातीच्या ढिगाचा फोटो टाकण्याऐवजी तोडण्याआधीच्या पायाचा एक फोटो टाकावा आणि मिक्स असेल तर कुठला भाग साधारण किती, ते लिहावं. ऑनलाइन विकणाऱ्या ॲपवर तर हे आणखी गरजेचं आहे. तिथे एकच देखणा फोटो सगळ्या ऑर्डरना लावलेला असतो. तो फोटो तुमच्या पिशवीतल्या मटणाचा नसतोच, त्यामुळे तिथे झूम करून उपयोग नाही. पिशवी उघडल्यावर पातं शोधा, आणि सापडलं तर त्याचाच फोटो काढून तक्रारीला जोडा.

खिम्यापुढे मात्र ही सगळी विद्या संपते. हाड गेलं, धागे तुटले, रेघा मिसळल्या. ‘रानचा खिमा’ अशा फोटोवरून कोणालाच काही ओळखता येत नाही. तो हवा असेल तर अख्खं रान निवडून समोर हाड काढायला सांगायचं आणि यंत्रात जाईपर्यंत तिथेच उभं राहायचं.