‘रजिस्टर्ड आहात का?’ याला नुसतं ‘हो’ पुरत नाही

नवं गिऱ्हाईक, त्यातही कंपनीचा परचेसवाला, दराची बोलणी सुरू व्हायच्या आधी दोन प्रश्न हमखास विचारतो. फर्म रजिस्टर्ड आहे का? आणि किती वर्षं झाली? आपल्याकडचे बहुतेक छोटे व्यावसायिक एका दमात सांगून टाकतात, ‘हो हो, रजिस्टर्ड आहे, बारा वर्षं झाली.’ माझ्या मते घोळ इथेच होतो. हे उत्तर दोन मिनिटांत तपासता येतं आणि पुष्कळदा ते कागदाशी जुळत नाही.

समजा, चिंचवडचा एक पेंटिंग कंत्राटदार आहे. 2013 पासून तो कारखान्यांची कामं घेतो. बँकेत चालू खातं उघडायचं म्हणून 2016 मध्ये त्याने गुमास्ता काढला. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली तेव्हा, म्हणजे 2021 मध्ये, जीएसटी नोंदणी केली. कोटेशनच्या कागदावर मात्र ठळक छापलंय, ‘स्थापना 2013’. परचेसवाला त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकतो. लॉगिन न करताही तिथे मालकाचं नाव, धंद्याचं नाव, प्रोप्रायटरशिप की भागीदारी, नोंदणी कधीची आणि ती चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. त्याला दिसतं 2021. कंत्राटदार खोटं बोललेला नसतो, पण मधल्या आठ वर्षांचा खुलासा त्याने आधी केलेला नसतो. परचेसवाला तो विचारत बसत नाही, दुसऱ्या कोटेशनकडे वळतो.

मुळात एकट्या मालकाच्या धंद्याची ‘फर्म’ म्हणून वेगळी नोंदणी नसतेच. कायद्याच्या दृष्टीने मालक आणि धंदा एकच. असतात त्या निरनिराळ्या कारणांसाठी केलेल्या नोंदी: गुमास्ता दुकान-आस्थापनेची, जीएसटी कराची, उद्यम लघुउद्योग म्हणून. उद्यम नोंदणी तर स्वतःच माहिती भरून फुकट मिळते. ती दाखवून ‘आम्ही सरकारमान्य’ म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं, कारण कामाच्या दर्जाविषयी ती काहीच सांगत नाही.

मग या कंत्राटदाराने काय सांगावं? ‘साहेब, माझी प्रोप्रायटरशिप आहे. काम 2013 पासून करतो, गुमास्ता 2016 चा, जीएसटी 2021 चा; त्याआधी उलाढाल मर्यादेच्या आत होती. पोर्टलवर माझ्या नावाने दिसेल.’ तीन वाक्यांत सगळ्या तारखा आल्या, आणि जी तारीख खटकली असती ती त्याने स्वतःच सांगितली. 2013 चा पुरावा मागितला तर जुनी बिलं दाखवता येतात, पण बिल कुणीही छापू शकतो. त्यापेक्षा वजनदार कागद म्हणजे त्या वर्षाचा फॉर्म 26एएस. कुठल्या कंपनीने त्याचा किती टीडीएस कापला ते त्यात असतं, आणि ती नोंद कंपनीने भरलेल्या विवरणावरून आलेली असते. दुसऱ्या गिऱ्हाइकांची नावं आणि रकमा झाकून तो दाखवावा.

विचारणाऱ्याच्या मनात नेहमी संशयच असतो असंही नाही. कंत्राटाच्या बिलावर व्यक्तीचा टीडीएस 1 टक्का कापतात, भागीदारी किंवा कंपनी असेल तर 2 टक्के. म्हणून अकाउंट्सला प्रकार कळावा लागतो. तुम्ही बिल जीएसटी विवरणात दाखवलं नाही तर त्यांचं इनपुट क्रेडिट अडकतं. पोर्टलवर विवरणं भरल्याच्या तारखाही दिसतात आणि जाणकार परचेसवाला स्थापनेच्या वर्षाआधी त्याच पाहतो.

भागीदारीचं मात्र वेगळं आहे. तिथे ‘रजिस्टर्ड’ला नेमका अर्थ आहे: रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद. 1932 च्या भागीदारी कायद्याने ती सक्तीची नाही, त्यामुळे नुसता स्टॅम्प पेपरवरचा करार आणि पॅन यांच्या जोरावर अनेक फर्म चालतात. अशा फर्मने ‘रजिस्टर्ड’ म्हणू नये. शिवाय कलम 69 प्रमाणे नोंद नसलेल्या फर्मला करारावरून गिऱ्हाइकावर वसुलीचा दावा लावता येत नाही. बिल थकलं की हे कळतं, म्हणून गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी नोंद करून घ्यावी.

ज्याची फर्म खरोखरच नवी आहे त्याने वडिलांच्या दुकानाची किंवा जुन्या नोकरीची वर्षं तिच्यात मिसळू नयेत. ‘फर्मला आठ महिने झाले, त्याआधी अकरा वर्षं मी याच कामावर सुपरवायझर होतो,’ असं सांगावं. एवढ्यावर ज्याचं समाधान होत नाही त्याला पहिलं काम लहान द्यायला सांगावं, अ‍ॅडव्हान्स कमी घ्यावा. आठ महिन्यांची फर्म याहून जास्त काही देऊ शकत नाही, आणि समजूतदार गिऱ्हाईक याहून जास्त मागतही नाही.