भागीदारीचा नफा : आधी उचल, मग हिस्सा

महसूल खात्यातील कारकुनीत आम्ही जमिनीच्या वाटण्या पुष्कळ पाहिल्या. बांधाचा तंटा मोजणीने तरी मिटतो. परंतु भागीदारीतील नफ्याचा तंटा साखळीने मोजता येत नाही. तो वहीत मोजावा लागतो, आणि वही बहुधा अपुरी असते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील तिघा शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या बी-बियाणे व खतांच्या एका दुकानाच्या वह्या पाहण्याचा प्रसंग आम्हांवर आला. त्यावरून आमचे जे मत झाले, ते वाचकांपुढे ठेवतो. ते असे की, कोणी किती उचलले हे ठरल्यावाचून नफा किती झाला हे ठरतच नाही.

करारपत्राप्रमाणे पहिल्याचे भांडवल सहा लाख, दुसऱ्याचे तीन लाख व तिसऱ्याचे एक लाख रुपये होते. भांडवलावर दरसाल शेकडा आठ व्याज, दुकानावर बसणाऱ्या तिसऱ्यास दरमहा दहा हजार वेतन, आणि उरेल ते तिघांत सारखे, अशी बोली होती. ३१ मार्च रोजी वहीत नफा निघाला दोन लाख तीस हजार. त्यातून व्याजाचे ८०,००० व वेतनाचे १,२०,००० वजा जाता उरले ३०,०००. म्हणजे प्रत्येकी दहा हजार. दुसऱ्या भागीदारास व्याजासह ३४,००० आले आणि त्याचे मन खट्टू झाले.

आम्ही रोजकीर्द व खतावणी ताडून पाहिली. दुकानखर्चाच्या खात्यात दरमहा ठराविक तारखेस पाच हजारांची एक रक्कम पडलेली होती आणि तिला पावती नव्हती. ती तिसऱ्याने घरखर्चासाठी नेलेली उचल होती. वर्षाचे साठ हजार झाले. पुढे साठावही व गोदामातील माल यांचा मेळ घातला, तर खरेदीच्या दराने तीस हजारांची खते व बियाणे कमी भरली. ती पहिल्याने पेरणीच्या दिवसांत स्वतःच्या शेतात नेली होती व कोठेही लिहिली नव्हती. दोघांच्याही मनात कपट नव्हते. आपलेच दुकान, त्यास लिहावयाचे काय, अशी समजूत होती.

परंतु उचल हा दुकानाचा खर्च नव्हे. ती पुढे मिळणाऱ्या हिश्श्यापैकी आगाऊ घेतलेली रक्कम होय. म्हणून हे नव्वद हजार नफ्यात परत मिळविले, तेव्हा खरा नफा तीन लाख वीस हजार झाला. व्याज व वेतन जाऊन १,२०,००० उरले, प्रत्येकी ४०,०००. याप्रमाणे पहिल्याचे ८८,०००, दुसऱ्याचे ६४,००० व तिसऱ्याचे १,६८,००० झाले. त्यातून आपापली उचल वजा घालून पहिल्यास ५८,०००, दुसऱ्यास पूर्ण ६४,००० आणि तिसऱ्यास १,०८,००० द्यावयाचे राहिले. जुन्या हिशोबाने पहिल्याचे काहीच बिघडत नव्हते, तिसऱ्यास तीस हजार अधिक जात होते, आणि ज्याने एक पैसाही उचलला नाही, त्याचेच तीस हजार बुडत होते.

आता करारपत्रच नसते तर? सन १९३२ च्या भागीदारीच्या कायद्याचे कलम १३ असे सांगते की, वेगळी बोली नसल्यास कामाबद्दल वेतन नाही, भांडवलावर व्याज नाही, आणि नफा सर्वांस सारखा. मग त्याच नफ्याचे प्रत्येकी सुमारे १,०६,६६७ झाले असते. वर्षभर दुकानावर बसणारा आणि घरी बसणारा एकाच मापाने मोजला गेला असता.

नापिकीच्या वर्षाचाही विचार करारातच व्हावा. समजा, नफा दीड लाखच झाला. व्याज व वेतन मिळून तर दोन लाख लागतात. भांडवलावरील व्याज केवळ नफ्यातूनच द्यावयाचे, असे तेच कलम सांगते. वेतन आधी की व्याज आधी, हे मात्र भागीदारांनी लिहून ठेवावे. आमचे मते श्रमाचे मोल आधी चुकते व्हावे. तसे ठरल्यास वेतन जाऊन उरलेले तीस हजार व्याजाच्या प्रमाणात १८,०००, ९,००० व ३,००० असे वाटले जातील.

आमची सूचना एवढीच की, प्रत्येक भागीदाराचे भांडवल-खाते निराळे व उचल-खाते निराळे ठेवावे, आणि घरी नेलेली खताची गोणीदेखील त्याच दिवशी खरेदीच्या दराने उचल-खात्यावर लिहावी. उचलीवर व्याज आकारावयाचे असेल, तर तेही करारात आधीच घालावे. मागाहून आकारलेले व्याज कोणास रुचत नाही. वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक भागीदारास आहे. तो दरमहा बजावावा. सदर दुकानातील दुसऱ्या भागीदाराने वर्षभर भिडेपोटी वही मागितली नाही, आणि ती भीडच त्यास तीस हजारांस पडत होती.