सनस्क्रीन घेताना बाटली उलटी करून वाचा

आपल्या मंडळाच्या पिकनिकला हल्ली प्रत्येकीच्या पर्समधून सनस्क्रीन निघते आणि कुणाचा आकडा मोठा यावर चर्चा रंगते. माझे मत असे, की आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ वर्णासाठी हा आकडा दुय्यम आहे. इथे अमेरिकेत तरी खरी माहिती बाटलीच्या मागच्या बाजूला असते.

एसपीएफ मोजताना त्वचा लाल व्हायला किती ऊन लागते ते पाहतात. म्हणजे तो मुख्यतः यूव्हीबी किरणांचा हिशेब झाला. एसपीएफ 30 त्यातले सुमारे 97 टक्के अडवते, 50 सुमारे 98 टक्के. पण आपली तक्रार लाल होण्याची क्वचितच असते. आपल्याला त्रास होतो तो काळवंडण्याचा, गालावरच्या वांगाचा. त्यामागे यूव्हीए किरण असतातच, शिवाय डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही असतो. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधील संशोधकांनी 2010 साली दाखवले, की अशा प्रकाशाने सावळी त्वचा काळवंडते, अगदी गोरी मात्र नाही.

आता दुकानातल्या तीन बाटल्या समोर ठेवू. पहिलीवर एसपीएफ 70 आणि आत अ‍ॅव्होबेन्झोनसारखे रासायनिक फिल्टर. ती पारदर्शक बसते, पण दिसणारा प्रकाश जवळजवळ अडवत नाही. दुसरी एसपीएफ 50, नुसत्या झिंक ऑक्साइडची. तिने यूव्हीए चांगले अडते, पण चेहरा राख फासल्यासारखा दिसतो, म्हणून आपण ती कमी लावतो आणि संरक्षणही घटते. तिसरी एसपीएफ 30, झिंकचीच, पण रंगीत. तिच्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड आहे. हा लोहाचा रंग पांढरेपणा झाकतो आणि दिसणारा प्रकाशही अडवतो. ज्यांना वांग आहे, त्यांनी माझ्या मते आकडा लहान असूनही तिसरीच घ्यावी. वांग नसेल आणि नुसते उन्हात फिरायचे असेल, तर पहिलीही चालेल.

मात्र तिन्हीवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हवेच. इथे ती फक्त पास-नापास अशी परीक्षा आहे; यूव्हीएपासून किती संरक्षण मिळते ते त्यातून कळत नाही. भारतातून आणलेल्या बाटलीवर ‘पीए’पुढे अधिकची चिन्हे असतात, जितकी जास्त, तितके यूव्हीएपासून संरक्षण जास्त.

रंगीत क्रीमची छटा हातावर पाहू नका. जबड्याच्या कडेला लावून दहा मिनिटांनी खिडकीशी पाहा. चेहरा आणि मान मिळून अर्धा टीस्पून क्रीम लागते, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. बोटभर ठिपका लावला, तर बाटलीवरचा कुठलाच आकडा खरा राहत नाही.